आत्याचा रुसवा आणि मोबाइलची डिक्शनरी

वृषभ मगदूमला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता: त्याच्या पत्रात चूक सापडत नसे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या ऑफिसात तो पत्रव्यवहार सांभाळायचा. कास्टिंगला तडा गेला तरी वृषभच्या पत्राला जायचा नाही, असं मालक म्हणत, आणि ते कौतुक आहे की टोमणा हे वृषभनं कधी तपासून पाहिलं नाही. आलेल्या पत्रातल्या चुका तो लाल पेनानं दुरुस्त करून मगच फायलीला लावायचा. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसत. अशा माणसाला जगात फार मित्र असतात असं नाही, पण वृषभला ते अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

दोन हजार पाच साली त्यानं मोबाइल घेतला आणि त्याच मोबाइलमुळं त्याचं सख्ख्या बहिणीशी वाकडं आलं. अक्काताई त्याच्यापेक्षा मोठी, हुपरीत दिलेली. घरातच पैंजणाचा कारखाना, दहा-बारा बायका घुंगरं जोडायला बसायच्या, आणि व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी घेऊन घेऊन अक्काचा अंगठा मेसेज लिहिण्यात पटाईत झाला होता. तिची मुलगी बारावीला उत्तम मार्कांनी पास झाली तेव्हा अक्कानं पहिला मेसेज भावाला पाठवला: भाची पास झाली, पेढे खायला ये. वृषभ तेव्हा मालकांसमोर मीटिंगमध्ये होता. त्यानं टेबलाखालून, सवयीनं, बिनचूक इंग्रजीत उत्तर दिलं: ‘नोटेड. विल रिव्हर्ट.’ म्हणजे नोंद घेतली, नंतर कळवतो. स्पेलिंग चोख, पूर्णविराम जागच्या जागी. आणि नंतर कळवायचं तो विसरला.

अक्का त्या दिवसापासून गप्प. फोन उचलेना, सणाला येईना. “मी काय त्येच्या फौंड्रीला लोखंड घालतो व्हय, नोंद घ्यायला?” असं ती दाजींना म्हणाली म्हणे. बोलताना ती हुपरीतल्या सगळ्या बायांसारखी, पुरुषांसारखं ‘घालतो, येतो’च म्हणायची, पण या वेळच्या ‘घालतो’ला धार होती.

हे असं वर्षभर चाललं, आणि पुढंही चाललं असतं. पण वृषभला मुलगी झाली आणि बारसं ठरलं. आता बारशाला नाव कुणी ठेवायचं? आत्यानं. बाळाच्या कानात कुर्र करायचं कुणी? आत्यानं. वृषभला एकच बहीण. त्याची आई अंबूबाई जेवणाच्या ताटावर बसूनच म्हणाली, “आक्का आली तर बारसं. न्हाय आली तर पोरगीला बिननावाची वाढीव.”

“आई, दुसरं कुणी ठेवलं नाव तर...”

“दुसरं कोण? तुझा मालक?” एवढं बोलून तिनं आमटीत भाकरी चुरायला सुरुवात केली. विषय संपला होता.

वृषभ कुंकू-अक्षता घेऊन स्वतः हुपरीला गेला. दारातून घुंगरांचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, त्यात अक्काचा सगळ्यात मोठा. त्यानं कडी वाजवली आणि आतलं सगळं एकदम थांबलं. दाजी भाऊसो बाहेर आले. दाजी साधा माणूस, खोटं बोलायची सवय नाही. ते म्हणाले, “या पावणं. आक्काताई घरात न्हाय. कुंभोजला बाहुबलीला गेलीया.”

“आत्ता आवाज आला तिचा.”

“त्येच की. ती म्हणाली, त्यो आला तर कुंभोजला गेलीया म्हणून सांगा.” मग आपण काय बोललो हे दाजींच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईघाईनं चहा मागवला. वृषभ चहा पिऊन, अक्षता खिशातच घेऊन एसटीनं परत आला. खिशातल्या तांदळाचे दाणे पुढं आठवडाभर ऑफिसच्या टेबलावर सांडत होते.

शेजारी हे ऐकून गप्प बसतील तर ते कोल्हापूर कसलं. समोरच्या चिमणाबाईंचं मत पडलं की परत जावं आणि दारातच बसून राहावं, जेवूही नये. अशानं त्यांची एक जाऊ तीन दिवसांत वळली होती. वृषभला हे ऐकूनच भूक लागली. वरच्या मजल्यावरचे बाळासो एसटीतून निवृत्त झालेले, यंत्राची हौस दांडगी. ते म्हणाले, “वृषभराव, दारात न्हाय घेत तर मेसेज करा. मेसेज घ्यायला कडी काढाय लागत न्हाय. आणि मराठीत लिवा, काळजातनं.”

मराठीत म्हणजे इंग्रजी अक्षरांत मराठी. त्या काळच्या फोनवर बटणं मोजकीच, एकेका बटणावर तीन-चार अक्षरं. ‘सी’ पाहिजे तर दोन नंबरचं बटण तीनदा दाबायचं. वृषभचा अंगठा ‘आई वाट बघत आहे’ लिहितालिहिताच दमला. बाळासोंनी फोन हातात घेतला, कुठंतरी दोन-चार बटणं दाबली आणि म्हणाले, “डिक्शनरी चालू केली. आता एका अक्षराला एकच दाब. कुठलं अक्षर पायजे ते फोन वळखतोय.”

हे ओळखणं म्हणजे काय, हे वृषभला पुढं महागात पडून समजलं. फोनला तुम्ही कुठलं अक्षर मनात धरलंय ते कळत नाही. त्याला एवढंच कळतं की दोन, दोन, चार ही बटणं दाबली गेली. मग तो आपल्या पोटातल्या इंग्रजी शब्दांच्या साठ्यात बघतो की या बटणांत कुठला शब्द बसतो, आणि त्यातला जास्त चालणारा उचलून पडद्यावर ठेवतो. ‘आई’ची बटणं दोन, दोन, चार. ‘बॅग’चीही दोन, दोन, चार. फोनला आई ठाऊक नाही. त्यानं बॅग ठेवली. ‘आहे’ची बटणं आणि ‘केज’ म्हणजे पिंजऱ्याची बटणं एकच. ‘ये’ आणि ‘वी’ एकच. ‘होय’ लिहायला गेलं की ‘हाऊ’ उमटतं. दुसरा शब्द पाहिजे असेल तर चांदणीचं बटण दाबून पुढचा मागवता येतो, पण त्यासाठी पडद्याकडं बघायला पाहिजे, आणि वृषभ खाली बटणांकडं बघत होता. ‘अक्का’ किंवा ‘बारशाला’ असा शब्द फोनला कुठंच बसेना, तेव्हा तो प्रश्नचिन्ह टाकून अडून बसायचा आणि स्पेलिंग विचारायचा. तेवढे शब्द वृषभनं निमूटपणे शिकवले. त्यामुळं झालं असं की जे शब्द फोनला येत नव्हते ते बरोबर गेले, आणि जे येतात असं त्याला वाटलं ते सगळे चुकले. ऑफिसातल्या साहेबलोकांचंही असंच असतं, पण ते असो.

मेसेज गेला. मग वृषभनं समाधानानं तो वाचला.

‘अक्का, बॅग वाट बघत केज. बारशाला वी. हाऊ?’

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. ज्यानं जन्मात स्वल्पविराम चुकवला नाही त्यानं स्वतःच्या जन्मदात्रीला पिशवी करून पिंजऱ्यात ठेवलं होतं, आणि वर ‘कसं?’ म्हणून विचारलं होतं. गेलेला मेसेज परत बोलावता येतो का, हे विचारायला तो जिना चढून बाळासोंकडं धावला. बाळासोंनी मेसेज वाचला, चष्मा काढला, डोळे पुसले आणि खुर्चीत बसूनच हसत राहिले. त्यांच्या सौभाग्यवती बाहेर येऊन विचारायला लागल्या की ह्यांना काय झालं. वृषभ फोन खिशात घालून खाली आला.

बऱ्याच वेळानं अक्काचं उत्तर आलं. ‘नोटेड. विल रिव्हर्ट.’

ऐश्वर्या, म्हणजे वृषभची बायको, बाळाला थोपटताथोपटता म्हणाली, “अहो, वर्षभरात पहिल्यांदा उत्तर दिलं त्यांनी. हे चांगलं आहे की.”

“ती मला वेडा समजली असणार.”

“आधी काय समजत होत्या?” असं विचारून ती बाळाकडं बघायला लागली. वृषभला हा प्रश्न अजिबात आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दैवानं त्याची पाठ सोडली नाही. मालकांच्या मुलानं परदेशातून एक सॉफ्टवेअर पाठवलं होतं: तुम्ही बोला, कॉम्प्युटर टाइप करतो. हेडफोनला जोडलेला माइक तोंडासमोर धरायचा, आधी दिलेला इंग्रजी उतारा मोठ्यानं वाचून कॉम्प्युटरला आपला आवाज शिकवायचा, मग पत्र सांगायचं. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या संघप्रिया कांबळेनं ते बसवलं आणि पहिला मान अर्थातच पत्रव्यवहाराच्या मगदूमसाहेबांना मिळाला. वृषभनं खाकरून उतारा वाचला, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत वाचला होता तसा. बाजूला शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, घण पडत होते.

मग त्यानं पत्र सांगितलं. ‘डिअर सर, विथ रेफरन्स टू युवर ऑर्डर’ इथपर्यंत अक्षर न अक्षर बरोबर उमटलं. वृषभ खूश झाला. शेवटी त्यानं आपलं नाव-गाव सांगितलं: वृषभ मगदूम, शिरोली, कोल्हापूर. आणि पडद्यावर आलं: ‘रश अप मग डूम, शी रेअरली, कॉल हर पुअर.’

म्हणजे घाईनं वर जा, प्याला, सर्वनाश, ती क्वचितच, तिला गरीब म्हणा.

हे वृषभनं पाहिलं तेव्हा छपाईचं बटण दाबून झालं होतं. कागद डिस्पॅचच्या संग्रामच्या हातात पडला आणि दुपारपर्यंत नोटीस बोर्डावर लागला. जेवणाच्या सुट्टीत मोल्डिंग शॉपची माणसं रांगेनं येऊन वाचून गेली. एकानं जाताना “राम राम, सर्वनाशसाहेब” म्हटलं. मॅनेजरनी लेखी खुलासा मागवला, की कंपनीच्या पत्रात शहराला गरीब म्हणण्यामागचा हेतू काय. वृषभनं बिनचूक इंग्रजीत दीड पानाचा खुलासा लिहिला. मॅनेजर तो खुलासा वाचूनही हसले, आणि तो विनोदी नव्हता.

संध्याकाळी तो संघप्रियाच्या टेबलाशी उभा राहिला. चेहरा पडलेला.

“मॅडम, यात हसण्यासारखं काय आहे तेवढं मला समजावून सांगा. मी अर्जच करतो म्हणा.”

संघप्रियानं खुर्ची पुढं सरकवली. “बसा सर. हे बघा, त्या मशीनला ‘मगदूम’ माहीतच नाही. त्याला माहीत असलेल्या शब्दांपैकी कानाला जवळचा कुठला, आणि मागच्या-पुढच्या शब्दाला कुठला चालतो, एवढंच ते बघतं. ‘डिअर सर’ सगळं जग म्हणतं, म्हणून ते बरोबर आलं. तुमचं नाव जगात कोण म्हणतंय? मग त्यानं आहे त्यातलं काढून दिलं.”

“पण चुकलंय ना ते?”

“तीच तर गंमत आहे सर. माणूस चुकला तर स्पेलिंग चुकतं. मशीन चुकतं तेव्हा स्पेलिंग एकदम बरोबर असतं. टाय बांधून, बूट घालून चुकीच्या लग्नात जाऊन बसतं आणि जेवायला वाढा म्हणतं. ‘कॉल हर पुअर’ वाचलं की आपल्याला आत ‘कोल्हापूर’ ऐकू येतं. दोन्ही एकदम दिसतं, आणि खरं काय ते आपलं आपण ओळखलं म्हणून बरं वाटतं. शिवाय कुणाचं नुकसान नाही. औषधाच्या चिठ्ठीत असं झालं असतं तर कोण हसलं असतं?”

वृषभनं मान डोलावली. मग ती जरा अडखळत म्हणाली, “आणि सर, राग मानू नका. दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर एवढं हसले नसते. तुमचं झालं म्हणून. तुमच्या टेबलाशी उभं राहायला माणसं बिचकतात. आज पहिल्यांदा तुमचंही काहीतरी चुकलं, म्हणून सगळ्यांना तुम्ही जवळचे वाटलात.”

वृषभला हे लागलं. घरी जाताना बसमध्ये तो तेच घोळवत होता आणि त्याला कबूल करावं लागलं की आज दिवसभरात जेवढी माणसं त्याच्याशी बोलली तेवढी गेल्या महिन्यात बोलली नव्हती. मोल्डिंग शॉपमधल्या एकानं तर बाळ कसं आहे म्हणून विचारलं होतं.

पण वृषभ मुळात पद्धतशीर माणूस. चुकांनी काम होत असेल तर चुका पद्धतशीर करायच्या असं त्यानं ठरवलं. रात्रीच्या जेवणाआधी बसून त्यानं अक्काला एक मेसेज रचला. डिक्शनरी बंद केली, न जाणो ती मध्ये तोंड घालायची, आणि विचार करकरून चुका स्वतःच्या हातानं घातल्या: ‘अक्का, बारसं नव्हे हारसं, ये नव्हे पे, हा हा हा.’ ऐश्वर्यानं तो वाचला आणि ती चुलीवरचं दूध बघायला गेली. चूल गॅसची होती आणि तिच्यावर दूध नव्हतं.

अक्काचं उत्तर लगेच आलं. ‘तब्येत बरी हाय का? डॉक्टरला दाव.’

सकाळी त्यानं हे संघप्रियाला दाखवलं. ती म्हणाली, “हे चालणार नाही सर. यात मशीनचा हात कुठंय? त्या बटणांवर ‘हारसं’ येईल का? लोकांना कळतं. घसरून पडलेल्या माणसाला बघून हसू येतं, मुद्दाम लोळण घेणाऱ्याला बघून कीव येते. आणि ‘हा हा हा’ तुम्ही स्वतःच लिहिलंत, मग त्यांनी काय करायचं?”

“मग वापरायचं कसं?”

“चूक घालायची नाही, राहू द्यायची. खरी झाली तर पुसू नका, एवढंच. एका मेसेजमध्ये एखाद-दुसरी. आणि ज्या शब्दावर काम अडलंय तो मात्र तपासून बरोबर पाठवायचा. वेळ, जागा, माणसाचं नाव. कुणी गेलं, कुणी आजारी आहे, तर डिक्शनरीच बंद करायची. आणि समजावून सांगायला जायचं नाही.”

वृषभनं बारशाचा वार-वेळ-पत्ता तेवढा अक्काला परत पाठवला, साधा, तपासलेला. त्याला उत्तर आलं नाही.

बारशाचा दिवस उजाडला. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, घर जैनांचं, जेवण दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणून आचाऱ्याला पहाटेच बोलावलेलं. चिमणाबाईंनी दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला “आत्या न्हाय आली अजून” ही बातमी आपण होऊन दिली. अंबूबाई पाळण्याशेजारी बसून होती, भटजींसारखी, म्हणजे कुणाचंच न ऐकता. दुपार कलली. आणि फाटकाशी रिक्षा थांबली.

अक्का उतरली. निळी जरीची साडी, हातात चांदीच्या वाळ्यांची डबी. मागून दाजी. वृषभ पुढं धावला तर ती त्याच्या बाजूनं, दाराच्या चौकटीला वळसा घालावा तशी आत गेली. दाजी मागं थांबले आणि वृषभच्या कानाशी येऊन म्हणाले, “त्यो तुझा पिशवीचा मेसेज आला न्हवं, तवा पदर तोंडात कोंबून हसत हुती. बायकास्नी वाचून दावला. घुंगराचं काम आर्धा दिस थांबलं. पर म्हणाली, आपून हासलो ह्ये त्येला कळाय नको.”

“मग आता?”

“आता काय, पोरीचा गुन्हा काय म्हणून आलीया. नाव ठेवणार आणि जाणार. तुझ्या घरातलं पाणी पिणार न्हाय म्हणून घरनं बाटली भरून आणलीया.” दाजींनी पिशवी दाखवली. बाटली होती.

नाव झकास ठेवलं गेलं. अक्का पाळण्यात वाकली, कानात कुर्र केलं, बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. चिमणाबाईंनी एक जरा जास्तच जोरात घातला. ‘चंदना’ असं नाव मोठ्यानं जाहीर झालं, वाळे बाळाच्या पायात गेले, घुगऱ्या वाटल्या. अक्कानं घुगऱ्या रुमालात बांधल्या, तोंडात टाकल्या नाहीत. ऐश्वर्यानं साडी पुढं केली. ती भावजयीचा मान म्हणून घेतली. पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं पिशवीतली बाटली काढून दोन घोट घेतले. अख्ख्या खोलीनं ते पाहिलं.

रुसलेल्या माणसानं पाणी घेतलं नाही म्हणजे रुसवा कायम. आणि इथं घड्याळही उलटं लागलेलं. पंगती बसत होत्या. दिवस मावळला की अक्का तसंही काही खाणार नाही. मग तिला निघताना रुसव्याचं नाव घ्यायचीही गरज नाही, धर्माचं कारण आयतं मिळेल. आज ती उपाशी गेली तर पुन्हा ह्या उंबऱ्यावर कधी येईल हे वृषभला दिसत होतं: कधीच नाही. खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर वर वर सरकत चाललं होतं. आत बायका, बाहेर पुरुष. तो दोनदा आतल्या दारापर्यंत गेला, पण अक्कानं पाठ वळवली आणि चिमणाबाई मध्ये उभ्या राहिल्या, मदतीसाठीच, पण मध्ये.

तो व्हरांड्यात आला. लहानपणी हीच अक्का त्याला हाताला धरून शाळेत सोडायची आणि पाटीवरची चूक थुंकीनं पुसून द्यायची. त्यानं फोन काढला. त्याला लिहायचं होतं: ‘अक्का, चूक माझी आहे. जेव.’ डिक्शनरी बारशाच्या निमंत्रणांसाठी त्यानं परत चालू केली होती. डोळ्यात पाणी होतं, पडद्यावर लक्ष नव्हतं. ‘चूक’ला फोन अडला आणि त्यानं स्पेलिंग मागितलं, वृषभनं एकेक अक्षर करून ते घातलं. बाकीचं अंगठ्यानं जसं जमेल तसं. मग डोळे पुसून वाचलं.

‘अक्का, चूक मॅक्सी केज. लेट.’

माझीची मॅक्सी झाली होती. बटणं तीच. जेवचं लेट झालं होतं. त्याच्यातला पत्रव्यवहार खडबडून जागा झाला. अंगठा आपोआप चांदणीच्या बटणाकडं गेला. आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र, आणि त्यात मॅक्सी. अंगठा तिथंच थांबला. ‘अक्का’ बरोबर होतं. ‘चूक’ बरोबर होतं. काम त्या दोन शब्दांवर अडलं होतं. त्यानं डोळे मिटले आणि मेसेज तसाच सोडला.

आतल्या खोलीत फोन टिंगटिंगला. वृषभ भिंतीला टेकून उभा राहिला. मग अक्काचा आवाज आला, वाचतानाचा, अडखळत, “चूक... मॅक्सी...” आणि चिमणाबाई म्हणाल्या, “कुणाची मॅक्सी?” आणि त्यांनी खिडकीतून समोर आपल्या घरच्या दोरीवर बघितलं, जिथं त्यांचीच फुलाफुलांची मॅक्सी वाळत होती. “ती माझी हाय! तिचं काय चुकलं?”

मग जे सुटलं ते अक्काचं हसू. ते आधी नाकातून आलं, मग पदरातून, मग पदर बाजूला टाकून मोकळं. सगळ्या बायका हसायला लागल्या, अर्ध्यांना कशाला ते माहीत नसताना. पाळण्यातली चंदना दचकून रडायला लागली आणि अंबूबाई तिला उचलून घेऊन स्वतःच हसत सुटली. वृषभला पळून जावंसं वाटत होतं.

अक्का व्हरांड्याच्या दारात आली. डोळे पुसत होती. हसण्यानंच ओले झाले होते असं नाही. हातात फोन.

“वृषभा, ह्ये तू लिवलंस?”

“लिहायचं होतं वेगळं.”

“काय लिवायचं हुतं?”

वृषभनं तोंड उघडलं. समजावून सांगायला जायचं नाही, असं संघप्रियानं बजावलं होतं, पण हे तिच्या शिकवणीत बसणारं नव्हतं. “चूक माझी आहे, अक्का. भाचीचे पेढे खायला यायला पाहिजे होतं. मी तुला ऑफिसचं उत्तर दिलं.”

“मला कळालं की. पिंजऱ्यात घातलास तरी कळालं,” अक्का म्हणाली. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, लहानपणी पाटी बघायची तसं. “वर्सभर तुझा एक तरी चुकीचा मेसेज यील म्हणून बघत हुतो मी. माझा भाऊ मेला, आणि त्येच्या जागी कोन तरी साहेब बसलाय, असं वाटत हुतं मला.”

वर्षभराचं ओझं एका झटक्यात खाली पडलं आणि वृषभला एकदम इतकं हलकं वाटलं की बसावं का उभं राहावं ते कळेना. तो नुसता हसला, रडल्यासारखा.

“हासतोस काय, उभा राहून? सूर्य चाललाय खाली,” अक्का ओरडली. तिनं साडीचा पदर कमरेला खोचला आणि पंगतीच्या पाटावर जाऊन बसली. “वाढ लवकर. आणि पाणी दे आधी, सकाळपास्नं बाटलीतलं गरम पाणी पिऊन जीव गेला माझा.”

वृषभ तांब्या आणायला धावला आणि घाईत निम्मं पाणी स्वतःच्याच पायावर सांडलं. उरलेलं अक्कानं एका दमात संपवलं आणि दुसरा तांब्या मागितला.